शेवटच्या हिशेबातून उचल आणि कर्ज वसूल करताना: किती कापता येतं, कशातून कापता येत नाही

पेरोलचं काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाकडे पहिल्या काही महिन्यांतच एक फाइल येते. माणूस राजीनामा देऊन चालला आहे, त्याच्या नावावर कंपनीचं कर्ज शिल्लक आहे, आणि वरून निरोप आहे की फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे शेवटच्या हिशेबात, सगळं वळतं करून घ्या. एक्सेलमध्ये हे काम पाच मिनिटांचं आहे. येणी एका बाजूला लिहायची, देणी दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करायची. पण पगार, ग्रॅच्युइटी आणि पीएफ या तीन रकमांना कायदा तीन वेगळ्या नजरांनी पाहतो. एकाच पत्रकात त्यांची बेरीज झाली की पुढची वजाबाकी बेकायदेशीर ठरू शकते. खाजगी आस्थापनेत हे काम क्रमाने कसं करायचं, ते इथे एका उदाहरणासह दिलं आहे.

आधी नियम

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आणि 1936 चा वेतन प्रदान कायदा मागे पडला. जुन्या कायद्यात कपातीचं संरक्षण महिना 24,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांनाच होतं. त्यामुळे अनेक कार्यालयांत अजूनही असा समज आहे की मॅनेजरच्या पगारातून कितीही कापलं तरी चालतं. संहितेत ही पगाराची मर्यादा नाही. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकसुद्धा ‘कर्मचारी’ या व्याख्येत येतात.

कलम 18 मध्ये पगारातून कोणत्या कारणासाठी कापता येतं त्याची यादी आहे. कोणत्याही स्वरूपाची उचल आणि तिच्यावरचं व्याज, चुकून जास्त दिलेला पगार, कामगार कल्याण निधीतून दिलेलं कर्ज, घरबांधणीसाठी किंवा सरकारने मान्य केलेल्या इतर कारणांसाठी दिलेलं कर्ज, हे सगळं त्या यादीत आहे. म्हणजे उचल कापायला मुळात हरकत नाही. अडचण मर्यादेची आहे. एका वेतन कालावधीतल्या सगळ्या कपाती मिळून त्या कालावधीच्या वेतनाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत.

यातला ‘सगळ्या मिळून’ हा भाग नवखे लोक हमखास विसरतात. ते 50 टक्के कर्जासाठी मोकळे ठेवतात आणि त्यावर पीएफ, व्यवसाय कर आणि टीडीएस वेगळा कापतात. प्रत्यक्षात कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ, ईएसआय आणि कर हेही त्याच यादीत आहेत. आधी ते बसवायचे. त्यानंतर 50 टक्क्यांत जी जागा उरेल ती उचलीची आणि कर्जाची.

दुसरा प्रश्न असतो की 50 टक्के कशाचे? सीटीसीचे तर नाहीतच, आणि नुसत्या बेसिकचेही नाहीत. संहितेच्या वेतनाच्या व्याख्येतून घरभाडे भत्ता आणि वाहन भत्ता वगळलेले दिसतात, त्यामुळे काही जण फक्त बेसिक आणि महागाई भत्ता धरून हिशेब करतात. पण त्याच व्याख्येतल्या एका परंतुकानुसार वेतन देण्याच्या प्रयोजनासाठी घरभाडे भत्ता, वाहन भत्ता आणि ओव्हरटाइम वेतनात धरायचे आहेत. म्हणून कपातीची मर्यादा काढताना हे भत्ते धरूनच आधार घ्या. ग्रॅच्युइटीसाठी मात्र ते धरायचे नाहीत. एकाच माणसाच्या एकाच हिशेबात वेतनाचे दोन आकडे येतात तेव्हा घाबरून जाऊ नका, ते तसेच यायला हवेत.

मर्यादेपेक्षा जास्त झालेली रक्कम कशी वसूल करायची हे नियमांवर सोपवलेलं आहे, आणि त्यामागची कल्पना अशी की जी रक्कम या महिन्यात बसली नाही ती पुढच्या महिन्यांच्या पगारातून जाईल. चालू नोकरीत हे छान जमतं. शेवटच्या हिशेबात पुढचा महिनाच नसतो. या लेखातल्या सगळ्या अडचणी तिथूनच निघतात.

संमतीपत्राने मर्यादा हलत नाही

कर्जाच्या करारात बहुतेक वेळा एक वाक्य असतं: ‘नोकरी सोडल्यास शिल्लक संपूर्ण रक्कम माझ्या सर्व देय रकमांतून वळती करण्यास माझी संमती आहे.’ हे वाक्य असायलाच हवं, कारण शिल्लक रक्कम एकदम देय होते हे त्यातून ठरतं आणि कर्ज कबूल असल्याचा पुरावा राहतो. पण त्याच्या जोरावर 50 टक्के ओलांडता येत नाहीत. संहितेनुसार देय असलेल्या रकमेवरचा हक्क कर्मचाऱ्याने कराराने सोडला, तर तेवढ्यापुरता तो करार कलम 60 खाली निरर्थक ठरतो. सही घेतली म्हणजे प्रश्न मिटला, असं समजून पुढे जाऊ नका.

करारात या वाक्याशिवाय आणखी तीन गोष्टी हव्यात: मूळ रक्कम आणि हप्ता, व्याज असेल तर दर, आणि नोटीस काळात हप्ता वाढवायला लेखी संमतीने वाव. व्याजाचा दर करारात नसेल तर शेवटच्या पत्रकात तो नव्याने उगवता कामा नये.

राजीनाम्याच्या दिवशी करायचं काम

खरी वसुली नोटीस काळात होते. शेवटच्या पत्रकावर भिस्त ठेवली की उशीर झालेला असतो. राजीनामा मंजूर झाला की त्याच आठवड्यात कर्जखात्याचा उतारा काढा: कधी किती दिले, कोणत्या पगारातून किती हप्ते गेले, आज बाकी किती. तो कर्मचाऱ्याला द्या आणि ‘ही बाकी मला मान्य आहे’ असं लिहून तारखेसह सही घ्या. या एका कागदाचा दोनदा उपयोग होतो. हिशेबाबद्दलचा वाद आधीच निघतो आणि मिटतो. शिवाय पुढे दिवाणी दावा करावा लागला, तर मुदतीत दिलेल्या या लेखी कबुलीपासून तीन वर्षांची मुदत नव्याने मोजली जाते.

मग नोटीस काळात येणाऱ्या पूर्ण पगारांकडे पाहा. त्या प्रत्येक महिन्यात 50 टक्क्यांची वेगळी जागा उपलब्ध आहे. कर्मचाऱ्याशी बोलून, त्याच्या लेखी संमतीने, हप्ता वाढवा. परस्पर वाढवू नका. घरभाडं, शाळेची फी, बँकेचे हप्ते भरून त्याच्या हाती काय उरतं हे त्यालाच माहीत असतं. आणि नोटीस काळात नवी उचल देणं थांबवा. लेखा विभाग आणि पेरोल वेगळ्या टेबलांवर असतील तर ही सूचना लेखी पाठवा, कारण राजीनाम्याची बातमी लेखा विभागापर्यंत पोचण्याआधीच उचलीचा व्हाउचर पास झालेला असतो.

एक हिशेब, आकड्यांसह

पुण्यातल्या एका खाजगी कार्यालयातला कर्मचारी धरू. महिन्याचा पगार 40,000 रुपये. त्यात बेसिक 26,000, घरभाडे भत्ता 10,400 आणि वाहन भत्ता 3,600. सहा वर्षं नोकरी झाली आहे. कंपनीने त्याला 1,20,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं होतं, हप्ता 5,000. त्याने एप्रिलच्या मध्यावर राजीनामा दिला तेव्हा 12 हप्ते फिटले होते आणि 60,000 बाकी होते. शेवटचा दिवस 20 जून. एप्रिल आणि मे महिन्यांत नेहमीचे दोन हप्ते गेले, म्हणून जूनमध्ये बाकी 50,000. शिवाय जूनच्या सुरुवातीला त्याने 8,000 रुपयांची उचल घेतली. एकूण येणं 58,000.

आता कंपनी त्याला जे देणं लागते ते. जूनचे 20 दिवस म्हणजे 40,000 चे 30 पैकी 20 भाग, 26,667 रुपये. शिल्लक रजा 12 दिवस. कंपनीच्या नियमानुसार बेसिक भागिले 26, म्हणजे दिवसाला 1,000, एकूण 12,000. ग्रॅच्युइटी 26,000 गुणिले 15 भागिले 26, म्हणजे वर्षाला 15,000, सहा वर्षांचे 90,000. या पगारात वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या 35 टक्केच आहेत. ते निम्म्यापेक्षा जास्त असते तर वरचा भाग वेतनात मिळवावा लागला असता आणि ग्रॅच्युइटी वाढली असती. इथे ती वेळ येत नाही.

सवयीने केलेलं पत्रक असं दिसतं: 26,667 अधिक 12,000 अधिक 90,000, एकूण 1,28,667. त्यातून पीएफ 1,800, व्यवसाय कर 200 आणि कर्ज-उचल 58,000 वजा. हाती 68,667. पत्रक नीटनेटकं दिसतं, आणि बहुतेक वेळा कर्मचारीही सही करून मोकळा होतो.

आता नियमाने करू. पगार आणि रजेचं रोखीकरण एका गटात घ्या. वेतनाच्या व्याख्येत वगळलेल्या रकमांच्या यादीत ग्रॅच्युइटीचं नाव आहे, रजेच्या रोखीकरणाचं नाही. म्हणून ते वेतनासारखंच मानून मर्यादेखाली आणणं हा सुरक्षित मार्ग. ते मर्यादेबाहेरचं समजून पूर्ण वळतं करून घेण्याचा मोह टाळा. या गटाची बेरीज 38,667 आणि तिचा निम्मा भाग 19,333. यात पीएफचे 1,800 आणि व्यवसाय कराचे 200 आधीच बसले आहेत. वार्षिक उत्पन्न पाहता नव्या कररचनेत टीडीएस नाही. म्हणजे कर्ज-उचलीसाठी जागा 17,333. त्यातून आधी 8,000 ची उचल फेडून घ्या, कारण ती याच महिन्याच्या पगारापोटी दिली होती. राहिलेले 9,333 कर्जात टाका. कर्जाची बाकी 40,667 उरते आणि कर्मचाऱ्याच्या हाती 19,334 जातात.

ग्रॅच्युइटीचे 90,000 पूर्ण द्यायचे. दोन्ही मिळून त्याला 1,09,334 मिळाले आणि तो कंपनीला 40,667 देणं लागतो. वजाबाकी करून पाहा, 68,667 येतात. आकडा तोच आला, आणि म्हणूनच ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही. फरक एवढाच की पहिल्या पत्रकात कंपनीने ग्रॅच्युइटीला हात लावला आणि पगाराची मर्यादा ओलांडली. दुसऱ्यात कंपनीने आपलं देणं पूर्ण चुकवलं आणि आपलं येणं स्वतंत्रपणे उभं ठेवलं. तक्रार झाली तर अधिकारी बेरीज तपासत बसत नाहीत. कोणत्या रकमेतून काय कापलं ते पाहतात.

याच माणसाचा हप्ता एप्रिल आणि मे महिन्यांत त्याच्या संमतीने 13,000 केला असता तर? पूर्ण महिन्याच्या 40,000 ची निम्मी रक्कम 20,000, त्यातून 2,000 गेले की 18,000 ची जागा उरते, म्हणून 13,000 सहज बसतात. 60,000 पैकी 26,000 फिटून जूनमध्ये 34,000 राहिले असते. जूनची उचल दिली नसती, तर 17,333 ची पूर्ण जागा कर्जाला मिळून शेवटी 16,667 बाकी राहिली असती. 40,667 आणि 16,667 यांतलं अंतर दोन महिने आधी झालेल्या एका बोलण्याचं आहे.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ

ग्रॅच्युइटी न्यायालयाच्या हुकुमानेसुद्धा जप्त होत नाही. हे संरक्षण 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यापासून आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही राखलं आहे. ती रोखता येते ती ठराविक कारणांसाठी: कर्मचाऱ्याच्या हेतुपुरस्सर कृत्यामुळे किंवा निष्काळजीपणामुळे कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि त्यासाठी त्याला काढलं तर त्या नुकसानाइतकी, किंवा हिंसक वर्तन आणि नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा कारणाने काढलं तर अंशतः वा पूर्ण. कर्जाची बाकी या कारणांत नाही. ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं.

पीएफची रक्कम तर कंपनीच्या हातातच नसते. ती कर्जापोटी गहाण पडत नाही आणि जप्तही होत नाही. तरी काही ठिकाणी दबावासाठी नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर भरायची टाळतात, म्हणजे माणसाला पैसे काढता येत नाहीत. हे करू नका. याने वसुली होत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कर्मचारी ती तारीख स्वतः भरू शकतो, आणि भरताना कंपनीने अडवल्याची तक्रारही करतो.

दोन दिवसांची मुदत

फुल अँड फायनलला 45 दिवस लागतात, ही फार जुनी सवय. वेतन संहितेच्या कलम 17 प्रमाणे राजीनामा दिला, काढलं किंवा आस्थापना बंद पडली, तरी वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. लॅपटॉप परत आला नाही किंवा कर्जाच्या बाकीवर एकमत झालं नाही म्हणून ही मुदत थांबत नाही. म्हणून वरचा हिशेब शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधीच कच्चा तयार ठेवा. हजेरी आणि रजा तेवढ्या शेवटी पक्क्या करायच्या. बाकीबद्दल वाद असेल तर मर्यादेतली वादातीत रक्कम कापा, उरलेला पगार वेळेवर द्या, वाद नंतर सोडवा.

उरलेल्या बाकीचं काय

40,667 रुपये बुडाले, असं समजायचं कारण नाही. पगार आणि ग्रॅच्युइटी खात्यात जमा झाल्यावर कर्मचाऱ्याने स्वतःहून रक्कम परत केली तर ती कर्जदाराने केलेली साधी परतफेड आहे. बहुतेक लोक करतात, कारण आकडा त्यांनी आधी मान्य केलेला असतो आणि हातात पैसे असतात. एकरकमी जमत नसेल तर तीन-चार हप्त्यांचा लेखी करार करा आणि प्रत्येक जमेची पावती द्या. ग्रॅच्युइटीचा धनादेश देण्याआधी परतफेडीचा धनादेश हातात मागू नका. ती अटच मग वळती केल्यासारखी दिसते आणि आधी नियमाने केलेलं काम वाया जातं.

तो टाळाटाळ करू लागला तर आधी बाकीचा तपशील देऊन स्पीड पोस्टाने मागणी पाठवा आणि मग दिवाणी दाव्याचा विचार करा. वचनचिठ्ठी किंवा लेखी करार असेल तर संक्षिप्त दाव्याचा मार्ग खुला असतो. कर्ज देताना सहकारी जामीनदार घेतला असेल तर त्याच्यावर दावा करता येतो, पण त्याच्या पगारातून परस्पर कापायला सुरुवात करू नका. कपातीच्या यादीत दुसऱ्याचं कर्ज नाही.

रक्कम लहान असेल आणि कंपनीने ती सोडून द्यायची ठरवली, तर एक गोष्ट पेरोलला सांगायला विसरू नका. माफ केलेलं कर्ज सहसा कर्मचाऱ्याच्या पगाराच्या उत्पन्नात धरलं जातं, त्यामुळे त्यावर टीडीएस बघावा लागतो आणि ते फॉर्म 16 मध्ये दाखवावं लागतं.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं

महाराष्ट्रात अनेक आस्थापनांत पगारदार नोकरांची पतसंस्था असते आणि तिचे हप्तेही पगारातूनच जातात. हे कर्ज कंपनीचं नाही. सभासदाने करार करून दिलेला असतो आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 49 खाली पतसंस्थेच्या लेखी मागणीवरून मालक ती रक्कम कापून संस्थेला देतो. जुन्या कायद्यात पतसंस्थेचे हप्ते असतील तर एकूण मर्यादा 75 टक्के होती. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा अजून भरलेला आहे. वेतन संहितेत 75 टक्क्यांची वेगळी पायरी नाही, तेव्हा ती सेटिंग उघडून तपासा. शेवटच्या महिन्यात कंपनीचं कर्ज आणि पतसंस्थेचा हप्ता दोन्ही असतील तर एकाच निम्म्या रकमेत दोघांना बसवावं लागतं. अशा वेळी आधी कायद्याने लागणाऱ्या कपाती, मग पतसंस्थेची मागणी आणि शेवटी कंपनीचं स्वतःचं येणं, हा क्रम आम्ही सुचवतो. पतसंस्थेला तिची मागणी का पूर्ण बसली नाही हे लेखी कळवा, म्हणजे ती सभासदाकडून आणि जामीनदारांकडून पुढची वसुली वेळेत सुरू करू शकते.

कर्मचारी तुम्ही असाल तर

पत्रक हातात आलं की सगळ्यात आधी ग्रॅच्युइटीच्या ओळीखाली कसली वजावट आहे का ते पाहा. मग पगार आणि रजेच्या रकमेची बेरीज करा आणि सगळ्या कपातींची बेरीज तिच्या निम्म्याहून जास्त आहे का ते तपासा. कर्जखात्याचा उतारा मागा आणि आपल्या पगारपत्रकांवरचे हप्ते मोजून जुळवा. मध्येच हप्ता कापला पण खात्यात जमा झाला नाही, ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते. जास्त कापलं असेल तर आधी कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर वेतन संहितेच्या कलम 45 खाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि त्या अधिकाऱ्याला मूळ रकमेखेरीज दहापटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार आहे. देणी चुकती केली हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिथे कंपनीवर असते. म्हणूनच पेरोलच्या बाजूने बाकीच्या कबुलीचा कागद, वाढीव हप्त्याची संमती, मर्यादेचा हिशेब आणि बँकेच्या जमेची नोंद हे चारही कागद त्या माणसाच्या फाइलमध्ये एकत्र ठेवून मगच ती बंद करायची.